कोंबड्यांच्या शेडमधला अमोनियाचा वास पुन्हा पुन्हा का येतो?

कोंबड्यांखाली जमिनीवर पसरलेला तुसाचा थर, म्हणजे लिटर, उलटलं, वर चार पोती नवं तूस टाकलं, चुनाही मारला. दोन-तीन दिवस बरं वाटलं आणि आठवड्याच्या आत सकाळी शेडचं दार उघडलं की पुन्हा तोच डोळ्यांत पाणी आणणारा भपका. अंड्यावरच्या कोंबड्या डीप लिटरवर ठेवणाऱ्या बहुतेकांना हे चक्र ओळखीचं आहे. बरेच जण शेवटी लिटरच बदलून टाकतात, आणि महिन्याभरात पुन्हा तिथंच येऊन थांबतात.

अमोनियाचा वास हा पाण्याचा हिशेब चुकल्याची खूण आहे. रोज लिटरमध्ये किती पाणी येतं आणि रोज किती बाहेर जातं, एवढंच बघायचं. लिटर उलटल्यानं पाणी शेडबाहेर जात नाही, ते फक्त वरच्या थरात येतं. तिथून ते हवेबरोबर बाहेर गेलं तर उपयोग झाला, नाहीतर संध्याकाळी तेच पाणी परत खाली मुरतं.

आधी थोडा हिशेब

10 मीटर लांब, 4 मीटर रुंद शेड आणि त्यात 200 कोंबड्या, म्हणजे चौरस मीटरला 5 पक्षी, असं उदाहरण घेऊ. एक अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 120 ग्रॅम ओली विष्ठा टाकते आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं. म्हणजे 200 कोंबड्यांची 24 किलो विष्ठा आणि त्यातून रोज 18 लिटर पाणी लिटरवर पडतं. कुठंही गळती नाही, छप्पर कोरडं आहे, पाण्याचं भांडं कधी सांडत नाही, असं धरूनसुद्धा.

आता लिटरची जाडी. 15 सेंटीमीटर भाताचं तूस टाकलं तर या शेडमध्ये 6 घनमीटर तूस बसतं, वजनानं साधारण 650 किलो. समजा हवा अजिबात खेळत नाही आणि एक थेंबही बाहेर जात नाही. तर रोजच्या 18 लिटरनं हे लिटर दोन आठवड्यांत 30 टक्के ओलाव्याच्या पुढं जातं. तेच तूस 5 सेंटीमीटर असेल तर तीच वेळ पाच दिवसांत येते.

यातून दोन गोष्टी दिसतात. पातळ लिटर हे डीप लिटर नसतंच, ती नुसती पसरलेली चटई असते. एक ढगाळ आठवडा आला की तिचं काम संपलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जाड लिटरनं फक्त मुदत वाढून मिळते. 15 ऐवजी 30 सेंटीमीटर टाकलं तरी पाणी बाहेर जायची सोय नसेल तर महिन्यानं तीच रड सुरू होणार. “तूस वाढवा” हा सल्ला म्हणूनच अर्धा असतो.

अमोनिया तयार कसा होतो तेही इथंच पाहून घेऊ, कारण पुढं चुन्याच्या वेळी ते लागेल. कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक अॅसिड. लिटरमधले जिवाणू ते फोडून त्याचा अमोनिया करतात. या जिवाणूंना ओलावा हवा, ऊब हवी आणि लिटर अल्कधर्मी हवं. लिटरचा सामू 7 च्या खाली असेल तर अमोनिया वायू होऊन फारसा सुटत नाही, क्षाराच्या रूपात लिटरमध्येच राहतो. सामू 8 च्या वर गेला की मात्र तो भराभर हवेत येतो. लिटरचा ओलावा 20 ते 30 टक्क्यांत असला की जिवाणूंचं कुजवण्याचं काम चालू राहतं आणि वासही आवाक्यात राहतो. 35 टक्क्यांपुढं गेलं की लिटर चिकटून पापुद्रा धरतं, आत हवा जात नाही आणि वास सुरू होतो. 20 च्या खाली गेलं तर धूळ उडते. तीही कोंबडीच्या श्वासाला वाईटच, पण त्यासाठी हलका फवारा पुरतो.

नाकावर विश्वास ठेवू नका, मुठीवर ठेवा

शेडमध्ये रोज तासन्‌तास काम करणाऱ्याला वास कळत नाही. काही मिनिटांतच नाक सरावतं. “आमच्याकडं वास नाही” असं मालक सांगत असतो आणि बाहेरून आलेला माणूस दारातच नाकाला रुमाल लावतो, हे नेहमीचं दृश्य आहे. म्हणून वास तपासायचाच असेल तर पहाटे, पडदे उघडण्याआधी, थेट मोकळ्या हवेतून आत जाऊन तपासायचा. आणि उभं राहून नव्हे, उकिडवं बसून. अमोनिया लिटरमधून सुटतो आणि कोंबडीचं डोकं जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर असतं. आपण पाच फुटांवर घेतो ती हवा आणि ती घेते ती हवा एक नसते.

अमोनिया मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. शुद्ध पाण्यात भिजवून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर काही सेकंद धरायची आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. 10 पीपीएमच्या आत असेल तर छान. 25 ही वरची मर्यादा समजायची. त्याच्या वर दीर्घकाळ राहिलं तर श्वासनलिकेतले बारीक केस निकामी होतात आणि कुठलाही श्वसनाचा आजार सहज शिरतो. 50 च्या पुढं डोळ्यांची आग होते. कोंबड्या डोळे मिटून बसतात, पंखाला डोळे घासतात, खाद्यावर येणं कमी होतं.

पण पट्टी फक्त वास किती आहे ते सांगते. तो कुठून येतोय हे सांगायचं काम मुठीचं. पायांनी वरचा थर बाजूला करा, दोन-तीन इंच खालचं लिटर मुठीत घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर लिटर थोडं चिकटलेलं दिसलं आणि बोटानं हलवताच सुटं झालं तर ओलावा बरोबर आहे. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर ओलावा जास्त. मूठ उघडताच सगळं भुरभुरत खाली पडलं तर फार कोरडं. हाताला ओल लागली किंवा पाणी निथळलं तर ती जागा लिटर म्हणून संपली आहे, तिला वाचवण्यात वेळ घालवू नका.

ही मूठ एका ठिकाणी दाबून चालत नाही. शेडचा एक कच्चा नकाशा कागदावर काढा आणि दहा-बारा जागी दाबून पाहा: पाण्याच्या लाइनखाली, खाद्याच्या भांड्यांजवळ, दांड्यांखाली जिथं कोंबड्या रात्री बसतात, भिंतीच्या कडेला, मधोमध, दारापाशी. प्रत्येक जागी कोरडं, बरं, ओलं असं लिहा. बहुतेक शेडमध्ये मधला भाग उत्तम असतो आणि दोन-तीन पट्टेच नासलेले असतात. सगळं शेड सारखंच ओलं निघालं तर शंका हवेवर घ्यायची. ठरावीक पट्टे ओले असतील तर पाण्यावर.

आकडा हवा असेल तर 100 ग्रॅम लिटर मोजून घ्या, पसरट पत्र्यावर पातळ पसरा आणि मंद आचेवर, घराबाहेर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा. जितके ग्रॅम कमी झाले तितके टक्के ओलावा. घराबाहेर का, ते एकदा घरात करून पाहणाऱ्याला घरचेच सांगतील.

एक शेड, पट्ट्यापट्ट्यानं

ओळखीच्या एका पोल्ट्रीवाल्याच्या शेडचं उदाहरण सांगतो. वर धरलेली मापं त्याच्याच शेडची आहेत. 200 कोंबड्या, तुसाचं लिटर, एका बाजूनं चोचीनं टोचलं की पाणी देणाऱ्या 20 निपलची लाइन, मागच्या भिंतीला बसायच्या दांड्या. तक्रार तीच: दर आठवड्याला वास. उपायही तेच: दर आठवड्याला उलटणं, वरून तूस, वरून चुना.

पहाटे पट्टीनं 40 च्या आसपास दाखवलं, दुपारी पडदे उघडे असताना 10. नुसत्या या फरकावरूनच अर्धा रोग कळतो. दिवसा ठीक आणि रात्री वाईट, म्हणजे रात्री हवा कोंडली जातेय. मुठीच्या नकाशात मधला भाग चांगला निघाला, निपलच्या लाइनखालचा पट्टा गच्च, दांड्यांखालचा पट्टा ओला. वाळवून पाहिलं तर मधे 24 टक्के, दांड्यांखाली 38, निपलखाली 46.

सुरुवात निपलपासून केली. गळती डोळ्यांनी बघून कळत नाही, कारण थेंब लिटरमध्ये पडतो आणि गायब होतो. त्यामुळे रात्री कोंबड्या दांडीवर गेल्यावर, म्हणजे कुणी पीत नसताना, प्रत्येक निपलखाली एक कोरडं भांडं ठेवलं आणि तासाभरानं पाहिलं. सोळा भांडी कोरडी होती. लाइनच्या शेवटच्या टोकाच्या चार भांड्यांत प्रत्येकी 180 मिलीच्या आसपास पाणी होतं. सेकंदाला एक थेंब पडला की तासाला एवढंच होतं. दिवसाचा हिशेब काढा: एका निपलचे सव्वाचार लिटर, चारांचे 17 लिटरच्या वर. दोनशे कोंबड्यांच्या विष्ठेतलं सगळं पाणी 18 लिटर. म्हणजे चार निपल मिळून आणखी जवळपास दोनशे कोंबड्यांएवढं पाणी त्याच लिटरमध्ये ओतत होते, तेही एका अरुंद पट्ट्यात. वरून कितीही तूस टाकलं तरी काय होणार!

कारण साधं होतं. त्या टोकाला लाइन झुकली होती. झुकलेल्या जागी लाइनमधला गाळ साठतो, निपलच्या आतल्या बसकेत अडकतो आणि निपल पूर्ण मिटत नाही. शिवाय तिथं निपल कोंबडीच्या डोळ्याच्या उंचीवर आले होते. त्यामुळे कोंबडी बाजूनं टोचून प्यायची आणि निम्मं पाणी चोचीबाहेर जायचं. निपल इतका उंच हवा की कोंबडीनं मान वर ताणावी, चोच वर करून खालून पिनला टोचावं आणि पाणी सरळ घशात जावं. लाइन पातळीत आणून बांधली, जोरानं पाणी सोडून धुतली, चार निपल बदलले. लाइनचा दाब जास्त असला तरी निपल गळतात, म्हणून रेग्युलेटरही तपासला, तो बरोबर निघाला.

तुमच्याकडं निपलऐवजी घंटेसारखे ड्रिंकर असतील तर त्यांची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर आणा, आत पाणी बोटाच्या पेराएवढंच ठेवा आणि ड्रिंकर हलणार नाही इतकं वजन त्यात असू द्या. जाळीच्या चौकटीवर ड्रिंकर टांगला आणि सांडलेलं पाणी जाळीखालून बाहेर काढलं तर आणखी बरं.

दांड्यांखालचा पट्टा वेगळ्या कारणानं ओला होता. कोंबडी जवळपास निम्मी विष्ठा रात्री बसल्या जागी टाकते. शेडच्या सगळ्यात अरुंद पट्ट्यावर निम्मं ओझं, आणि त्या जागी दिवसा कोंबड्या उकरतही नाहीत, कारण वर दांड्या आहेत. या पट्ट्याला लिटर कधीच पुरणार नाही. दोनच सोयी आहेत. दांड्यांखाली फळी किंवा पत्रा बसवून रोज सकाळी खरवडायचं, नाहीतर तो भाग जाळीनं बंद करून विष्ठेचा खड्डा म्हणून वेगळा ठेवायचा, म्हणजे कोंबड्या तिथं शिरणार नाहीत आणि ती विष्ठा लिटरमध्ये मिसळणार नाही. माझं मत विचाराल तर लहान शेडला पत्राच बरा. रोज पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानं लिटरवरचा निम्मा भार उतरतो. एवढ्या स्वस्तात एवढा परिणाम देणारी दुसरी गोष्ट डीप लिटरमध्ये मला माहीत नाही.

तिसरी गोष्ट रात्रीच्या हवेची. त्याचे पडदे खालून वर ओढले जायचे आणि संध्याकाळी अगदी वाश्यापर्यंत बंद व्हायचे. थंडी लागू नये म्हणून. उबदार, दमट हवा वर जाते. वरूनच बाहेर पडायला जागा नसेल तर ती छपराला लागून थंड होते आणि पत्र्यावरून थेंब होऊन परत लिटरवर पडते. सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूला हात फिरवून पाहा, ओला लागला तर हेच चाललंय. त्याला पडद्याच्या वरच्या कडेला दोन्ही लांब बाजूंनी विताएवढी फट कायम उघडी ठेवायला सांगितलं. “कोंबड्या गारठणार नाहीत का?” हा त्याचा पहिला प्रश्न होता. वाऱ्याचा झोत थेट अंगावर आला तर गारठतात. डोक्याच्या बऱ्याच वरून जाणाऱ्या हवेनं गारठत नाहीत. मोठ्या, पंख भरलेल्या कोंबडीला थंडीपेक्षा ओली हवा जास्त छळते.

एक तपासणी त्याच्याकडं लागली नाही, पण काही शेडमध्ये तीच खरी असते: ओल जमिनीतून येतेय का? एका जागचं लिटर पूर्ण बाजूला करा, फरशी पुसून कोरडी करा आणि हातभर लांबीचा प्लास्टिकचा कागद तिथं पसरून कडा चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी कागद उचला. खालच्या बाजूला पाणी साठलं असेल तर ओल फरशीतून वर येतेय. कागदाच्या वर ओल असेल तर ती हवेतली. फरशीतून येत असेल तर आतलं काहीही करून उपयोग नाही. शेडबाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा खाली करा, छपराचं पाणी भिंतीपासून दूर न्या आणि पुढच्या बॅचआधी फरशीखाली ओल अडवायची सोय करा.

उलटायचं कधी आणि काढायचं कधी

आता इथं माझा अनेकांशी वाद होतो. गच्च झालेला, पापुद्रा धरलेला पट्टा फोडून बाकीच्या लिटरमध्ये मिसळायचा, अशी पद्धत आहे. तसं करू नका. त्या पट्ट्यात 45 टक्के पाणी आहे आणि आत अडकलेला अमोनिया आहे. तो फोडला की एकदम सगळा वायू सुटतो आणि चांगल्या लिटरलाही पाणी मिळतं. उलटल्यावर दोन दिवस बरं वाटतं, कारण अडकलेला वायू एकदाचा निघून गेलेला असतो. मग पसरलेली ओल नव्यानं कामाला लागते. पापुद्रा खोऱ्यानं कापा, घमेल्यात भरा आणि शेडबाहेर न्या. रिकाम्या जागी शेजारचं चांगलं, जुनं लिटर ओढा आणि नवीन तूस त्याच्यावर पसरा. जुनं लिटर आधी का? त्यात कुजवणारे जिवाणू आधीच बसलेले असतात, नव्या तुसात ते नसतात.

उलटायचं ते मुठीत बरं लागणारं लिटर. आठवड्यातून दोनदा, दाताळ्यानं वरचे दोन-तीन इंच सगळीकडं सैल करायचे, आणि महिन्यातून एखाद्या वेळी खालपर्यंत. वेळ कायम कोरड्या दिवसाची, सकाळी दहानंतरची, पडदे पूर्ण उघडे असताना. संध्याकाळी उलटलं की सुटलेला सगळा अमोनिया कोंबड्यांबरोबर रात्रभर कोंडला जातो. खूप पाऊस, धुकं, दमट हवा असेल त्या दिवसांत खालपर्यंत उलटूच नका. बाहेरची हवा जवळपास संपृक्त असताना लिटर वाळत नाही. त्या दिवसांत फक्त पापुद्रे काढायचे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा पडदा उघडा ठेवायचा आणि कोरडं तूस हाताशी ठेवायचं.

सगळ्यात चांगलं उलटणारं यंत्र कोंबडीच आहे. दुपारी लिटरवर थोडं अख्खं धान्य भिरकावलं, कोंबडीमागं पाच ग्रॅमच्या आत, तरी ती तासभर उकरत राहते. जिथं लिटर दाबलं जातंय तिथं मुद्दाम टाका. मात्र नासलेल्या पट्ट्यावर नको. तिथलं धान्य ती ओल्या घाणीतून उचलेल, आणि रक्ती हगवणीच्या जंतूंना हवं ते वातावरण, म्हणजे ओल आणि ऊब, नेमकं तिथंच असतं. विष्ठेत रक्त दिसलं तर लिटरचा विचार बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडं जा.

पहिल्या थराची जाडी 10 ते 15 सेंटीमीटर, मग गरजेनुसार थोडं थोडं वाढवत 20-25 पर्यंत, हे माप बहुतेक ठिकाणी चालतं. सुरुवात कोरड्या दिवसांत करा. लिटरला खऱ्या अर्थानं काम करायला लागायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ते फक्त पाणी शोषून घेणारं तूस असतं. नंतर खालचा थर कुजताना थोडी ऊब सोडतो आणि ती ऊब ओलावा वर ढकलायला मदत करते. वास आला म्हणून मधेच सगळं लिटर काढून पातळ नवा थर टाकला की हे सगळं पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि पाच दिवसांचा तो हिशेब परत लागू होतो. सामान कुठलंही असो, भाताचं तूस, रंध्याचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं, ते कोरडं आणि बुरशी नसलेलं हवं. बुरशीच्या भुशानं श्वासाचा वेगळाच आजार येतो.

चुना वास घालवतो का?

बऱ्याच पुस्तिकांत अमोनियासाठी विरलेला चुना टाकायला सांगितलेलं असतं. चुना थोडी ओल शोषतो आणि लिटर सुटं ठेवतो, एवढं खरं. पण चुना अल्कधर्मी आहे, लिटरचा सामू वर नेतो आणि सामू वर गेला की लिटरमध्ये बांधलेला अमोनिया वायू होऊन सुटतो. चुना मारल्यावर पहिल्या दिवशी शेडमध्ये उभं राहवत नाही, मग दोन-तीन दिवस बरं वाटतं, ते यामुळंच. साठा उडून गेला, कारखाना चालूच राहिला. कळीचा चुना तर पक्षी असताना अजिबात नको, पाय आणि डोळे भाजतात. शेड रिकामं झाल्यावर भिंती-फरशीला चुना लावायला माझी काहीच हरकत नाही.

रसायनच हवं असेल तर ते आम्लधर्मी असलं पाहिजे. सोडियम बायसल्फेट किंवा अॅल्युमिनियम सल्फेट सामू खाली आणतात आणि अमोनिया लिटरमध्येच बांधून ठेवतात. यांचं प्रमाण चौरस मीटरला पाव किलोपासून सुरू होतं. अॅल्युमिनियम सल्फेट शक्यतो पक्षी आत यायच्या आधी वापरतात. हातमोजे, चष्मा लावा आणि पिशवीवरचं प्रमाण पाळा. परिणाम काही आठवडेच टिकतो. गळका निपल तसाच ठेवून हे टाकणं म्हणजे पैसे लिटरमध्ये पुरणं आहे.

त्या शेडचं पुढं काय झालं

निपल दुरुस्त, निपलखालचा आणि दांड्यांखालचा पापुद्रा बाहेर, दांड्यांखाली पत्रा, पडद्याला वर फट, चुना बंद. तूस एरवी वाढवायचे त्यापेक्षा कमीच लागलं. पहाटेची पट्टी आठवड्याभरात 20 च्या खाली आली आणि तिसऱ्या आठवड्यात 10 च्या आसपास स्थिरावली. निपलखालचा पट्टा लवकर सुधारला. दांड्यांसमोरचा कडेचा भाग सावकाश वाळला, कारण जुनी ओल खालच्या थरात होती आणि ती वर यायला वेळ लागतो.

तुमच्याकडं हे सगळं करूनही दांड्यांखालची विष्ठा पाण्यासारखी पातळ दिसत असेल, गळती कुठंच सापडत नसेल, तर कोंबड्याच जास्त पाणी पीत आहेत. एरवी कोंबडी खाद्याच्या वजनाच्या दीड-दोन पट पाणी पिते. एका दिवसाचं खाद्य आणि टाकीतलं पाणी मोजा. प्रमाण अडीचच्या वर गेलं आणि उष्णता हे कारण नसेल तर खाद्यातलं आणि पाण्यातलं मीठ तपासून घ्या. खाद्यात प्रथिनं गरजेपेक्षा जास्त असली तरी पाणी आणि युरिक अॅसिड दोन्ही वाढतं. ते बरोबर निघालं आणि विष्ठा तरीही पातळ राहिली तर दोन-तीन ताजे नमुने घेऊन पशुवैद्याकडं तपासणीला द्या. त्या निकालापर्यंत रोज सकाळी पत्रा खरवडत राहा आणि ओला पट्टा काढत राहा, म्हणजे निदान बाकीचं लिटर हातचं जाणार नाही.